प्रश्न गळून पडलेले उत्तर

छापून आलेल्या त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. इंदूरच्या एका हिंदी दैनिकाच्या शहराच्या पानावर चार कॉलमी मथळा होता, 'अपने घर में तो यह पानी मैं न आने दूँ', आणि खाली एका निवृत्त पाणीपुरवठा अभियंत्यांचे नाव आणि छायाचित्र. काका हे वाक्य खरोखरच बोलले होते. मराठीत बोलले होते आणि छापले हिंदीत गेले, पण त्यामुळे अर्थात काही फरक पडला नव्हता. वार्ताहराच्या मोबाइलवर सगळे ध्वनिमुद्रित होते. संपादकांकडे तक्रार गेली असती तर दैनिकाने ते ऐकवून दोन मिनिटांत हात झटकले असते. तरीही त्या वाक्याने काकांच्या तोंडी, ते जे म्हणत होते त्याच्या बरोबर उलटे मत घातले होते.

राजेंद्र नगरच्या बाजूला एक जुनी मराठी वसाहत आहे. तिथे एक जुनी, दगडी बांधणीची विहीर आहे. तिच्यावर जाळी टाकलेली होती आणि आत वर्षानुवर्षांचा गाळ, निर्माल्य आणि प्लॅस्टिक साचले होते. रहवासी संघाने ती उपसून साफ करायचे ठरवले आणि घरटी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. या कामासाठी संघाला मुळात ज्यांनी राजी केले ते हेच काका. नोकरीतली बरीच वर्षे त्यांनी जलूदच्या पंपिंग स्टेशनवर काढलेली. इंदूरला नर्मदेचे पाणी 1978 साली आले. ते सुमारे 70 किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून, पंपांनी आणावे लागते. नळाखाली बादली भरून वाहताना दिसली की त्यांना तो चढ आठवतो आणि ते शेजाऱ्यांनाही आठवण करून देतात, शेजाऱ्यांना ते आवडो किंवा न आवडो. विहिरीचे पाणी बागेला, गाड्या धुवायला, अंगणात शिंपडायला वापरावे, म्हणजे तेवढे नर्मदेचे पाणी वाचेल, एवढाच त्यांचा साधा हिशेब होता.

आणि वर्तमानपत्रात आले की हाच माणूस म्हणतो, हे पाणी मी घरात येऊ देणार नाही. दुसऱ्याच दिवशी लोक ओटल्यावर बसून विचारू लागले की मग आमच्याकडून पैसे कशाला गोळा केले. वर्गणी थांबली. काही घरांनी दिलेली वर्गणी परत मागितली. संघाच्या सचिवांनी काकांना फोन करून फक्त एवढेच विचारले, 'तुम्हाला शंका होती तर आम्हाला आधी सांगायचं होतं.' काकांना लागले ते या वाक्याने. मथळ्याने नव्हे.

ज्या मुलाने ती बातमी लिहिली त्याच्या आईची आणि माझी जुनी मैत्री. एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर मी नोकरीची बहुतेक वर्षे घालवली, त्यामुळे तो अधूनमधून आपली कॉपी दाखवायला येतो आणि मला मावशी म्हणतो. या वेळी तो माफीपत्राचा मसुदा घेऊन आला. पत्र मी वाचले आणि बाजूला ठेवले. त्याला म्हटले, 'आधी तीन गोष्टी आण. ध्वनिमुद्रणातल्या त्या भागाचा शब्दशः उतारा, तू डेस्कला पाठवलेली कॉपी, आणि छापलेलं पान. तू नेमकं काय केलंस हे कळल्याशिवाय तुला माफी मागता येणार नाही.'

मला स्वतःला वार्ताहरांच्या माफीपत्रांविषयी थोडा संशय आहे, तो याच कारणाने. ती फार लवकर लिहिली जातात. मथळा पाहून स्रोताचा फोन येतो, तो चिडलेला असतो, वार्ताहराला लाज वाटते, आणि त्या लाजेच्या भरात तो जे लिहितो त्यात स्वतःची अवस्था असते, चुकीचे वर्णन नसते. ज्याचे नुकसान झाले त्याला वार्ताहराच्या अवस्थेचे काही करता येत नाही. चुकीच्या अचूक वर्णनाचे मात्र त्याला पुष्कळ काही करता येते, ते लोकांना दाखवता येते.

तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा वाक्य कसे उलटले ते दिसले. उताऱ्यात आधी मुलाचा प्रश्न होता, 'काका, साफ केल्यावर हे पाणी पिता येईल का?' काकांचे उत्तर असे होते: 'नाही. चारही अंगांना जुन्या घरांचे सेप्टिक टँक आहेत. मी स्वतः तपासणीच्या बाटलीत नमुना भरून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी काळा पडला. माझ्या घरात तर मी हे पाणी येऊ देणार नाही.' मग मुलाचा पुढचा प्रश्न, 'मग विहीर साफ करून उपयोग काय?' आणि त्यावर काकांचे लांबलचक उत्तर, ज्यात बाग होती, गाड्या होत्या, पावसाचे पाणी विहिरीत मुरवण्याची व्यवस्था होती, जलूद अर्थातच होते, आणि शेवटी हे वाक्य होते: 'विहीर बुजवा असं म्हणणाऱ्याला पाणी म्हणजे काय ते कळलेलं नाही.'

काळ्या पडणाऱ्या बाटलीविषयी थोडे सांगायला हवे, कारण काकांचे 'नाही' किती मोजूनमापून दिलेले होते ते त्याशिवाय कळत नाही. ही एक स्वस्त प्राथमिक चाचणी आहे. बाटलीत एक रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. पाण्यात मैल्याबरोबर येणारे काही जिवाणू असले तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि एकदोन दिवसांत पाणी काळे होते. बाटली काळी पडली म्हणजे विहीर वाया गेली असे नव्हे. पिण्यासाठी ते पाणी धोक्याचे आहे, एवढेच त्यातून कळते, कारण पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळू नये असे सांगते. झाडाच्या मुळाला त्या मानकाशी काही कर्तव्य नसते. तेव्हा काकांनी दिलेली दोन उत्तरे दोन वापरांविषयी होती आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर होती.

आता मुलाची कॉपी. ती सुमारे सव्वाचारशे शब्दांची होती आणि प्रामाणिक होती. तिसऱ्या परिच्छेदात काकांचे पहिले उत्तर होते, शेवटच्या परिच्छेदात दुसरे. पण कुठेही प्रश्न नव्हता. बातमीत वार्ताहराने स्वतः दिसायचे नसते, असे आपण प्रत्येक नव्या मुलाला शिकवतो आणि ते योग्यही आहे. म्हणून त्याने आपले दोन्ही प्रश्न सवयीने काढून टाकले होते. आता बोलताना माणूस प्रश्नातले शब्द उत्तरात पुन्हा उच्चारत नाही. 'पिता येईल का' असे विचारल्यावर 'पिण्यासाठी मी हे पाणी घरात येऊ देणार नाही' असे कोणी पुस्तकी बोलत नाही. पिण्याची अट प्रश्नाने सांभाळलेली असते, आणि उत्तर तिच्या जिवावर आखूड राहते. प्रश्न काढला की अटही जाते, आणि अवतरणचिन्हांच्या आत एक अक्षर इकडचे तिकडे न होता वाक्य सरसकट होऊन बसते.

पुढे डेस्कवर काय झाले असेल ते मला पान न पाहताही सांगता आले असते. संध्याकाळी जाहिरात वाढली असणार, जागा कमी झाली असणार, आणि कॉपी अडीचशे शब्दांवर आणायची असणार. डेस्कवरचा माणूस घाईत असला की खालून कापतो. तो आळशी असतो म्हणून नव्हे. बातमी लिहिण्याची रीतच अशी आहे की महत्त्वाचे वर आणि कमी महत्त्वाचे खाली, म्हणजे कापायची वेळ आली तर शेपूट निर्धास्तपणे उडवता यावी. मुलाने काकांचा विहिरीला असलेला पाठिंबा शेपटीत ठेवला होता, कारण त्याला वाटले बातमीचा शेवट चांगला आशादायक व्हावा. शेपूट गेली. उरलेल्या मजकुरात सगळ्यात झणझणीत वाक्य कोणते ते शोधून त्याचा मथळा झाला. हिंदी दैनिकांत स्रोताचे म्हणणे छायाचित्रासह वेगळ्या चौकटीत देतात आणि त्याला 'वर्जन' म्हणतात. त्या चौकटीतही तेच वाक्य गेले. अशा रीतीने तीन माणसांनी आपापले रोजचे काम रोजच्या पद्धतीने केले, आणि कोणालाही आपण काही बिघडवले असे वाटले नाही.

म्हणून त्याचा पहिला मसुदा मला पटला नव्हता. त्यात लिहिले होते, 'डेस्कवर जागेअभावी आपले शब्द संदर्भ सोडून छापले गेले, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' वाचणाऱ्याला वाटावे की मुलाने सगळे बरोबर लिहून दिले होते आणि पुढे कोणी दुसऱ्याने घोटाळा केला. मथळा त्याने दिला नव्हता हे खरेच होते. पण पहिला तुकडा त्याच्याच हातून गळला होता, डेस्कने कॉपी उघडण्यापूर्वी. कापणाऱ्याच्या हातात जाण्याआधीच ते उत्तर कापायला सोपे झालेले होते. त्याला हे दाखवल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग दुसरा मसुदा लिहून आणला, तो अगदी दुसऱ्या टोकाचा. त्यात आपण या व्यवसायाला लायक नाही, आपल्याला झोप लागत नाही, आपल्याला क्षमा करावी, अशा आशयाची दीड पाने होती. मी म्हटले, 'अरे, हे पत्र वाचून काकांना तुझं सांत्वन करावं लागेल. वर्गणी त्यांची थांबली आहे, तुझी नाही.' क्षमा मागणे हेही एक मागणेच असते. ज्याचे आधीच काही गेले आहे त्याच्याकडे पत्रातून आणखी काही मागू नये, असे माझे मत आहे. पुष्कळ लोकांना ते फार कोरडे वाटते.

तिसऱ्या मसुद्याआधी आम्हाला संपादकांचा विचार करावा लागला. अनेक दैनिकांत अशी रीत असते की छापलेल्या मजकुराविषयी वार्ताहराने परस्पर लेखी काही देऊ नये. त्यामागे केवळ अहंकार नसतो. बदनामीचा दावा झाला, आणि तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली फौजदारीही होऊ शकतो, तर वार्ताहराच्या सहीचे पत्र न्यायालयात कबुली म्हणून ठेवले जाऊ शकते. दैनिकात छापल्याची जबाबदारी संपादकांची असते, त्यांना न विचारता ती कबुली देणे हे त्यांच्यावर अन्यायाचे होते. म्हणून मुलगा तिन्ही कागद घेऊन आधी संपादकांकडे गेला. वादासाठी तो गेला नाही. त्याने फक्त कागद शेजारी शेजारी ठेवले, जसे आम्ही ठेवले होते. संपादकांनी ते वाचले, खुलासा छापायला मान्यता दिली, आणि पत्र पाठवायलाही हरकत घेतली नाही. फक्त पत्र तुझ्या कामापुरते असावे, दैनिकाच्या वतीने त्यात काही नसावे, असे सांगितले. ही अट मला अगदी योग्य वाटली. माफीपत्र वार्ताहराचे असते, खुलासा संपादकांचा असतो. वार्ताहराने पत्रात 'उद्या खुलासा येईल' असे आश्वासन दिले आणि तो आला नाही, तर स्रोताची दुसऱ्यांदा फसवणूक होते.

खुलासा किती मोठा असावा यावर मात्र त्यांचे थोडे वाजले. भारतीय प्रेस परिषदेने पत्रकारांसाठी आचारसंहिता घालून दिली आहे. तीत चूक लक्षात आल्यावर दुरुस्ती तत्परतेने आणि पुरेशा ठळकपणे छापावी असे म्हटले आहे. पुरेसे म्हणजे किती, हे तिथे मोजून दिलेले नाही आणि देताही येणार नाही. मथळा चार कॉलमी होता, खुलासा एका कॉलमात, त्याच पानावर खाली आला. मुलाला तो फार लहान वाटला. मी इतकी वर्षे डेस्कवर काढली आहेत, त्यामुळे त्याच पानावर आला याचेच मला आश्चर्य वाटले. खुलाशात चुकीचे वाक्य पुन्हा छापायचे की नाही, हा जुना प्रश्न आहे. छापले तर ज्यांनी ते वाचले नव्हते तेही वाचतात, न छापले तर कशाचा खुलासा आहे ते कळत नाही. संपादकांनी ते वाक्य दिले, पण त्यामागे काय विचारले होते तेही दिले, आणि विहीर साफ करण्यास अभियंत्यांचा पाठिंबा आहे हे पहिल्याच ओळीत ठेवले. अनेक खुलासे 'अमुक तारखेच्या अंकातील अमुक बातमीत' अशी सुरुवात करतात आणि मुद्दा येईपर्यंत वाचक पुढच्या बातमीवर गेलेला असतो. या संपादकांनी ती खोड टाळली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पत्र शेवटी एका पानाचे झाले. काकांच्या परवानगीने त्यातला मधला भाग इथे देते. नावे गाळली आहेत.

'आदरणीय काकांना सा. न. वि. वि. विहिरीविषयीच्या बातमीत आपले वाक्य ज्या रीतीने छापले गेले त्यामुळे आपण विहीर साफ करण्याच्या विरोधात आहात असा अर्थ झाला. आपण तसे म्हणाला नव्हतात. मी आपल्याला दोन वेगळे प्रश्न विचारले होते. साफ केल्यावर हे पाणी पिता येईल का, या प्रश्नाला आपण ते उत्तर दिले होते. बातमी लिहिताना मी माझा प्रश्न काढून टाकला आणि त्याच्या जागी "पिण्याच्या वापराबद्दल" असे साधे शब्दही घातले नाहीत. विहिरीच्या उपयोगाविषयीचे आपले दुसरे उत्तर मी बातमीच्या अगदी शेवटी ठेवले. जागा कमी पडली की शेवटचा भाग कापला जातो, हे मला माहीत होते. या दोन्ही गोष्टी माझ्या हातून झाल्या आणि त्यांमुळे आपल्याला शेजाऱ्यांसमोर उत्तरे द्यावी लागली. मी आपली माफी मागतो.

'आपल्या संपूर्ण उत्तरांचा शब्दशः उतारा, माझ्या प्रश्नांसह आणि माझ्या सहीसह, सोबत जोडला आहे. तो आपण रहवासी संघाला किंवा आणखी कोणालाही दाखवू शकता. कोणाला मला प्रत्यक्ष विचारायचे असल्यास मी संघाच्या बैठकीला येऊन हेच सांगेन. आपल्याला दैनिकाकडे लेखी तक्रार करायची असल्यास ती संपादकांच्या नावे करावी लागते. तिचे समाधान झाले नाही तर प्रेस परिषदेकडे जाता येते. दैनिकातील मजकुराबाबत त्यासाठी प्रकाशनापासून दोन महिन्यांची मुदत आहे. या पत्रामुळे आपल्या त्या अधिकारात काही कमी होत नाही.'

शेवटच्या भागावरून मुलाचे आणि त्याच्या आईचे वाजले. तिचे म्हणणे, स्वतःविरुद्ध तक्रार कशी करायची ते कोण शिकवते. व्यवहार म्हणून ती चुकली नव्हती. पण काकांचा मुलगा प्रेस परिषदेची भाषा आधीच बोलू लागला होता, आणि गोड पत्र पाठवून मुदत उलटू द्यायची, हा प्रकार मी माझ्या नोकरीत पाहिलेला आहे. ज्या पत्राचा असा उपयोग होऊ शकतो, त्यात मुदत लिहून टाकली की तो उपयोग संपतो. शिवाय प्रेस परिषद दंड करत नाही की तुरुंगात टाकत नाही. चौकशी करून दैनिकाला ताकीद देणे, समज देणे, निषेध नोंदवणे, इथवरच तिचे अधिकार आहेत. मुलाला त्याचे भय वाटण्यासारखे काही नव्हते. त्याला ते वाटत होते ही गोष्ट वेगळी.

उताऱ्याबाबत एक अडचण निघाली. ध्वनिमुद्रणच काकांना देऊन टाकावे असे मुलाच्या मनात होते, त्याहून पारदर्शक काय असणार. पण मुलाखतीच्या वेळी शेजारचे एक गृहस्थ येऊन बसले होते आणि मध्येच संघाच्या पैशांविषयी, कोणाचे नाव घेऊन, काही बोलले होते. ते बातमीत आलेच नव्हते. ध्वनिमुद्रण वसाहतीत फिरले असते तर एका माणसाचे वाक्य सावरताना दुसऱ्याचे उघडे पडले असते. म्हणून फक्त प्रश्न आणि काकांची उत्तरे उतरवली आणि जिथे तिसऱ्या माणसाचे बोलणे गाळले तिथे गाळल्याची खूण केली. त्या खुणेबद्दल मी हट्ट धरला. गाळून झालेली चूक निस्तरताना पुन्हा काही गुपचूप गाळणे मला चालणार नव्हते.

पत्र मुलाने स्वतः नेऊन दिले. काकांनी दारात घेतले, बस म्हणाले नाहीत, वाचून कळवतो म्हणाले. उत्तर टपालाने आले, वहीच्या पानावर. मायना 'श्री. अमुक यांस, स. न. वि. वि.' असा होता. मुलाखतीच्या दिवशी ते त्याला अरेतुरे करत होते आणि निघताना त्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला होता, त्यामुळे तो 'चि.' ची वाट पाहत होता. 'चि.' आलेला नव्हता. पत्रात माफीविषयी एक अक्षर नव्हते. त्याऐवजी त्यांनी उताऱ्याची प्रत परत पाठवली होती आणि त्यात लाल शाईने तीन दुरुस्त्या केल्या होत्या. विहिरीचा व्यास त्यांनी बोलताना फुटांत सांगितला होता आणि मुलाने मीटर लिहिले होते, ती एक. दुसरी एका झडपेच्या नावाची. तिसरी दुरुस्ती त्यांच्या स्वतःच्या वाक्यात होती. विहीर बुजवा म्हणणाऱ्याला पाणी कळलेले नाही, या वाक्याच्या समासात त्यांनी लिहिले होते, 'हे मी बोललो खरे, पण बरोबर नाही. धोकादायक विहीर बुजवावीही लागते. छापू नये.'

मुलगा संघाच्या बैठकीला गेला. तिथे उतारा वाचला गेला आणि सचिवांनी काकांची माफी मागितली. ती मुलाच्या माफीपेक्षा आखूड होती, आणि काकांना त्याच माफीची गरज होती असे मला वाटते. वर्गणी पुन्हा सुरू झाली, पण ज्या घरांनी पैसे परत घेतले होते त्यांतल्या काहींनी ते पुन्हा दिले नाहीत. त्यांनी खुलासा वाचला नव्हता असे नाही. परत आलेले पैसे एव्हाना कशाला तरी लागले होते. पाऊस जवळ आलेला होता, उपसा करणारा ठेकेदार तेवढ्या रकमेत पूर्ण काम करायला तयार नव्हता. म्हणून त्या वर्षी अर्धाच गाळ निघाला आणि उरलेले काम पुढे ढकलले गेले. पत्र चांगले असले तरी त्याने गाळ निघत नाही.

दरम्यान मुलाने लिहिण्याची एक सवय बदलली आहे. प्रश्न बातमीत दिसू द्यायचा नाही हा नियम तो पाळतो, पण प्रश्नातली अट उत्तराच्या आधी, त्याच वाक्यात घालतो: 'पिण्याच्या वापराबद्दल विचारले असता ते म्हणाले', आणि मग अवतरण. अपवाद आणि अटी आता त्याच्या कॉपीत शेवटच्या परिच्छेदात जात नाहीत. मथळ्याजोगे झणझणीत वाक्य असेल त्याच्या लगेच पुढे त्या येतात, म्हणजे कापणाऱ्याला ते वाक्य ठेवून अट उडवायची असेल तर निदान हाताने शोधून उडवावी लागेल. डेस्कला हे आवडलेले नाही. 'विचारले असता' म्हणजे शब्दांची नासाडी, असे त्याला दोनदा सांगितले गेले. डेस्कवर असताना मीही तेच सांगितले असते. विहिरीच्या पुढच्या बातमीत काकांचे म्हणणे छापायचे होते तेव्हा ते शब्द संध्याकाळी पुन्हा कापले गेले. मुलगा डेस्कपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने ते परत घालून घेतले, त्या बदल्यात बातमीतले दुसरे एक वाक्य सोडून दिले. ते काकांच्या कौतुकाचे होते. काकांनी त्या बातमीचे कात्रण पाहून माझ्याजवळ एवढीच चौकशी केली की व्यास या वेळी फुटांत दिला आहे ना.